पायवाट गावाकडे जाते की डोहाकडे? (मावसभावाला लिहिलेलं पत्र आणि एक प्रश्न)

दूरस्थ

नमस्कार मंडळी. हे पत्र मी गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाला लिहिलं. वाचून तो म्हणाला, "माझ्याकडे याचं उत्तर नाही, कविता वाचणाऱ्या लोकांना विचार." त्याची परवानगी घेऊन, घरगुती मजकूर वगळून इथे टाकते आहे. ज्यांना कविता आठवत नसेल त्यांच्यासाठी बालकवींची 'औदुंबर' आधी पूर्ण देते, आठच ओळी आहेत:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

आता पत्र.

प्रिय दादा,

परवा मावशीशी बोलता बोलता मी एकदम गप्प झाले आणि मग फोन ठेवला, त्याचं तू कारण विचारलंस. फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मावशीला वाचायची बंदी आहे, म्हणून तिने मला काहीतरी वाचून दाखवायला सांगितलं. हाताशी मराठी पुस्तक नव्हतं. म्हटलं, पाठ असलेलं म्हणते. 'औदुंबर' तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी येते, असा माझा समज. सुरुवात केली. चाल तीच, शाळेतली, मान डोलावत म्हणायची. पाच ओळी बिनचूक झाल्या. सहावी मी म्हटली, "हिरव्या कुरणामधुनि चालली चिमण्या गावाकडे."

मावशी म्हणाली, "गावाकडे नाही गं. काळ्या डोहाकडे."

मी म्हटलं, नाही मावशी, गावाकडेच. तिने वाद घातला नाही, पुढच्या दोन ओळी स्वतःच म्हटल्या. त्यातला 'काळिमा' ऐकला आणि मला कळलं की माझं चुकलंय. डोह आधी आल्याशिवाय काळिमा येणार कुठून? तेव्हा माझा आवाज गेला, तो परत यायला बराच वेळ लागला.

तुला वाटेल, एक शब्द विसरले तर एवढं रडायला काय झालं! दादा, मी विसरले असते तर काही वाटलं नसतं. पण ओळ अडली नव्हती. तिथे दुसरं काही येऊन बसलं होतं, आणि इतकं चपखल बसलं होतं की कुठे खटकत नव्हतं. 'गावाकडे' म्हटलं तरी 'पडे'शी यमक जुळतं, ठेका मोडत नाही. 'चिमण्या' हा शब्द बहुतेक तिसऱ्या ओळीतल्या 'चिमुकले'वरून आला असेल. हे कधी घडलं, मला माहीत नाही. निघाले तेव्हा कविता बरोबर पाठ होती एवढं नक्की, कारण शाळेत मी ती चुकले असते तर आजही आठवलं असतं. म्हणजे इथे आल्यावर, इतक्या वर्षांत, कधीतरी मीच ती वाट फिरवली. डोहाकडे जाणारी वाट उलटी केली आणि गावाला नेऊन जोडली.

त्या रात्री कविता शोधून काढली आणि परत वाचली. या वेळी चाल न लावता, गद्यासारखी. लहानपणी ही कविता मला चित्रासारखी वाटायची: झरा, टेकडी, शेतं, पायवाट, सगळं एकदम समोर. पण ती एकदम समोर येतच नाही. तिला चाल आहे, आणि ती चाल लांबून जवळ येणारी आहे. आधी पैल टेकडीकडचं गाव. त्याच्या पुढे शेतमळे. शेतांतून निघालेली वाट. मग कुरण. मग डोह. आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. गावापासून निघून प्रत्येक ओळ पाण्याच्या, म्हणजे माझ्या, जवळ सरकते.

आणि गाव पैल आहे. हे मी आजवर वाचलंच नव्हतं. ऐल म्हणजे आपल्या बाजूचा काठ. गाव पैलतीरी आहे असं जो म्हणतो, तो स्वतः ऐलतीरी उभा आहे. कवितेतला बघणारा माणूस गावात नाहीच. त्याला गाव दिसतं, चार घरं मोजता येतील इतकं स्पष्ट दिसतं, पण मध्ये पाणी आहे. पूल नाही, होडी नाही. आणि वाट आहे ती गावाकडून येऊन पाण्यापाशी थांबते.

आता सांग, इतकी वर्षं मी कुठे उभी होते आणि वाट कुठे जाते असं समजत होते.

आणखी एक. संपूर्ण कवितेत माणूस नाही. घरं आहेत पण दाराशी कुणी नाही, मळे आहेत पण राबणारं कुणी नाही, पायवाट पायांनी पडलेली आहे पण तिच्यावर पाऊल दिसत नाही. कवितेत पाय एकदाच येतात, आणि ते झाडाचे. मावशी ती शेवटची ओळ म्हणत होती तेव्हा ती उशीला टेकून, डोळे मिटून पडली होती. 'बसला' म्हणताना तिने जरा थांबा घेतला. मला ते झाड दुःखी वाटलं नाही. पण आनंदीही वाटलं नाही. काय वाटलं ते मला अजून सांगता येत नाही, आणि रडू त्याचंच आलं असावं.

मावशीला सांग, चूक मान्य आहे. पुढच्या वेळी पुन्हा म्हणेन.

तुझी

(पत्र संपलं. माझा प्रश्न असा: वाट खरंच गावाकडून डोहाकडे येते, असंच वाचायचं ना? की मी आता दुसऱ्या टोकाला जाऊन नसलेला अर्थ लावते आहे? आणि तो औदुंबर कुठल्या काठावर आहे?)

कृष्णाकाठ

छान लिहिलंय ताई. औदुंबर हे कृष्णेच्या काठी भिलवडीजवळ आहे, दत्ताचं स्थान. तिथे नदीला डोह आहे, घाट आहे, झाडी आहे. मी अनेकदा गेलोय, कवितेतलं वर्णन तंतोतंत आहे. पुढच्या वेळी आलात की जाऊन या, काठ कुठला ते प्रत्यक्षच कळेल.

फळा_खडू

कृष्णाकाठ, ते औदुंबर गाव आहे, कवितेतला औदुंबर हे झाड आहे. 'पाय टाकुनी बसला' ते गाव कसं बसेल? शिवाय कवितेत झरा आहे, आणि कृष्णेला कुणी झरा म्हणणार नाही. बालकवी मूळचे खानदेशातले, जन्म धरणगावचा, 1890चा. हे अमुक एका ठिकाणचं वर्णन आहे, असं कवितेतून काहीही निघत नाही.

दूरस्थ, मी तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यात ही कविता किती वेळा शिकवली याची गणती नाही. प्रश्न ठरलेले असायचे. कवितेत कोणकोणते रंग आले आहेत? गावाचे वर्णन तुमच्या शब्दांत करा. मुलं लिहायची: हिरवा, निळा, पांढरा, काळा. पूर्ण गुण. पण ते रंग ज्या क्रमाने येतात तो क्रम मी एकदाही विचारला नाही. सुरुवातीला हिरवं आणि निळं, मध्ये एकच पांढरी रेघ, आणि शेवटी काळं. उजेड कमी कमी होत जातो. तुमचं पत्र वाचून आज फार चुकल्यासारखं झालं. त्या मुलांना मी चित्र काढायला लावत होते, वाटेवरून चालायला लावलंच नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, वाट डोहाकडेच. 'तयांतुन' म्हणजे त्या शेतमळ्यांतून. शेतांतून निघते, कुरणातून चालते, डोहाकडे जाते. यात दुसरा अर्थ बसत नाही.

रानवाटा

मला हे सगळं जरा जास्त वाटतंय. बालकवी म्हणजे 'श्रावणमासी हर्ष मानसी' आणि 'आनंदी आनंद गडे'. लहान मुलाच्या डोळ्यांनी निसर्ग बघणारा कवी. जळगावला 1907 साली जे कविसंमेलन झालं तिथे त्यांना बालकवी ही पदवी मिळाली, तीही त्याच कोवळेपणासाठी. सुंदर निसर्ग दिसला, तो लिहिला. पाण्यात पाय सोडून बसणं ही तर पोराची खोडकर बैठक! त्यात दुःख शोधू नये.

झाडाबद्दल मात्र सांगतो, कारण ते माझं क्षेत्र आहे. उंबर ओढ्याच्या कडेला हमखास असतो. काठाची माती पाण्याने धुपली की मुळं उघडी पडतात आणि जाड मुळं सरळ पाण्यात उतरलेली दिसतात. 'पाय टाकुनी' ही कवीची कल्पना नाही, नजरेने टिपलेली गोष्ट आहे. आणि असं झाड एका काठावरच असतं, मध्यात नसतं.

यमनियम

रानवाटा, तुमचं निम्मं बरोबर. पाण्यात पाय सोडून बसणं ही लहान मुलाची बैठक आहे, हे पटलं. पण तेच बालकवी "कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला" असंही लिहितात. 'पारवा' वाचा, त्यात खचलेली भिंत आहे आणि पडकी धर्मशाळा. हा कवी फक्त हर्षाचा नाही. 1918च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेला, तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. मात्र त्या मरणावरून ही कविता उलटी वाचायची, डोह म्हणजे मृत्यू वगैरे, हेही मला मान्य नाही. तसं पुष्कळांनी वाचलंय. कवीच्या आयुष्याचा शेवट आपल्याला माहीत आहे, कवितेला तो माहीत नव्हता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दूरस्थ, तुम्ही म्हणता 'गावाकडे' घातलं तरी ठेका मोडत नाही. खरं आहे, मी मोजून पाहिलं. या कवितेची ओळ आठ, आठ आणि अकरा अशा मात्रांची आहे. जिथे ओळ 'घेउन', 'बेटातुन', 'लाटांवर' अशी संपते, तिथे शेवटचं अक्षर म्हणताना लांबवलं की अकरा भरतात. 'काळ्या डोहाकडे' अकरा, 'चिमण्या गावाकडे' अकरा. म्हणून तुमची चूक इतकी वर्षं लपून राहिली. मोडकी ओळ असती तर जिभेने कधीच पकडली असती.

पण मोजताना एक वेगळीच गोष्ट दिसली. पहिल्या आठ मात्रा संपतात तिथे जिभेला एक बारीकसा थांबा मिळतो. 'ऐल तटावर, पैल तटावर'. 'चार घरांचे, गाव चिमुकले'. 'शेतमळ्यांची, दाट लागली'. शेवटी 'पाय टाकुनी, जळांत बसला'. आठपैकी सहा ओळींत हा थांबा शब्द संपतो तिथेच पडतो. दोनच ओळींत शब्द मध्येच कापला जातो: 'पायवाट पां, ढरी तयांतुन' आणि 'हिरव्या कुरणा, मधुनि चालली'. आणि या दोन ओळी नेमक्या कुठल्या? पायवाटेच्या. वाट अडवीतिडवी पडते तिथे ओळही सरळ पडत नाही. 'पांढरी'मध्ये तर पायाला दगड लागावा तसं होतं.

मोठ्याने म्हणून बघा, चाल न लावता.

रानवाटा

म्हणून बघितलं. मी तरी 'पायवाट' म्हणून थांबतो आणि मग 'पांढरी'. मला कुठेच ठेच लागली नाही. शब्द असा थांब्यावर कापला जाणं जुन्या कवितेत ठिकठिकाणी सापडेल. आठ ओळींत दोनदा झालं म्हणून कवीने ते वाटेसाठी केलं असं कसं म्हणायचं?

यमनियम

कवीने ठरवून केलं असं मी म्हणत नाही, ते मला सिद्धही करता येणार नाही. कानाला काय होतं तेवढंच सांगतो. तुम्ही 'पायवाट' नंतर थांबता, म्हणजे सहा मात्रांवर. बाकीच्या ओळींत आठवर थांबता. म्हणजे ठेका बदलला हे तुमच्या जिभेनेही मान्य केलंच की.

सायली_परदेशी

मीही बाहेर राहते, म्हणून धागा दोनदा वाचला. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला मराठी समजतं पण वाचता येत नाही. मागे एकदा मी तिला हीच कविता तिच्या भाषेत सांगायला गेले आणि पहिल्याच शब्दाला अडले. ऐल-पैल. 'या बाजूला, त्या बाजूला' म्हटलं तर ती म्हणाली, "कुठल्या बाजूला? आपण कुठे आहोत?" तेव्हा मला तो प्रश्न अडाणी वाटला होता. दूरस्थचं पत्र वाचून कळलं की तिने नेमका प्रश्न विचारला होता. ऐल शब्दात बोलणाऱ्याची जागा आधीच धरलेली असते.

तिचा दुसरा प्रश्न असा होता: त्या वाटेवरून कोण येतंय? मी म्हटलं, कुणीच नाही. तर म्हणाली, मग वाट पुसून कशी नाही गेली? याचं उत्तर मला आजही सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर सांगा, मी तिला सांगेन.

फळा_खडू

मुलीला सांगा, 'पडे' हा शब्द ऐक. वाट पडते ती रोज कुणीतरी गेल्याने. माणसं कवितेत दिसत नाहीत, पण त्यांची ये-जा त्या एका क्रियापदात आहे. गुरं पाण्यावर जात असतील, बाया घागरी घेऊन जात असतील. वाट पांढरी आहे, म्हणजे गवत उरलेलं नाही. ती रुळलेली आहे.

दूरस्थ

सगळ्यांचे आभार. फळा_खडू, तुमचं हे शेवटचं वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. मी पत्रात लिहिलं होतं की वाटेवर पाऊल दिसत नाही. गवत उरलेलं नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे तिकडून रोज कुणीतरी पाण्यापर्यंत येतंय. फक्त कवीने पाहिलं त्या घटकेला कुणी नव्हतं.

पण डोहाचं अजून उलगडत नाही. 'काळा डोह', 'काळिमा', आणि त्याला म्हणायचं 'गोड'. हे गोड मला उमगत नाही. उदास म्हटलं असतं तर समजलं असतं.

यमनियम

सातवी ओळ सुटी वाचू नका, आठवीला जोडून वाचा. 'झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर.' कोण पसरी? आपण वाचताना काळिमा आपोआप पसरतो असं समजतो. पण 'पसरी' म्हणजे पसरवतो. कुणीतरी जळ झाकोळतो आणि काळिमा पसरवतो. तो कर्ता कवीने अगदी शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवलाय: औदुंबर. झाकळणारा तो, पसरवणारा तो, पाय टाकून बसणाराही तो. दोन ओळींचं एकच वाक्य आहे.

असं वाचलं की काळिमा म्हणजे झाडाची सावली. पाणी काळं दिसतं ते वर दाट पानं आहेत म्हणून. मग 'गोड'चं कोडं उरत नाही. उन्हातल्या शेतांतून, पांढऱ्या तापलेल्या वाटेवरून चालत आलेल्याला ती सावली गोडच वाटणार.

रानवाटा

हे मात्र मला मनापासून पटलं. दाट उंबराखालचं संथ पाणी भर दुपारीही काळं दिसतं, हे मी स्वतः पाहिलंय. डोह खोल असलाच पाहिजे असंही नाही.

फळा_खडू

मला अर्धंच पटतंय. व्याकरणाने 'काळिमा' हाही कर्ता होऊ शकतो. जुन्या कवितेत 'पसरी' हे 'पसरतो' या अर्थी चालून जातं. तसं वाचलं तर काळोख कुठून येतो ते कवी सांगत नाही, आणि मग झाड त्या काळोखात शांत बसलेलं दिसतं. दोन्ही वाचनं उभी राहतात. सगळा काळोख सावलीत बसवून टाकला तर कविता थोडी सोपी होते, अशी मला भीती वाटते.

आणि 'असला' कुणीच घेतला नाही. 'बसला असला औदुंबर.' असला म्हणजे असा, या तऱ्हेचा. वर जे सगळं सांगितलं तसला हा. मी वर्गात 'बसला' पाठोपाठ 'असला' आला म्हणून अनुप्रास, एवढंच सांगून पुढे जायचे. पण तो शब्द म्हणताना बोट पुढे होतं, नाही का? जणू बघणाऱ्याने इतका वेळ दाखवायचं होतं ते आत्ता दाखवलं.

कृष्णाकाठ

माझी चूक लक्षात आली. शीर्षक वाचून मी गावच समजलो होतो. पण एक सांगू का? साधा 'उंबर' न म्हणता 'औदुंबर' म्हटलंय, म्हणजे दत्ताचं झाड मनात असणारच. डोळे मिटून बसलेला योगी. मला तरी तसाच दिसतो.

यमनियम

शब्दाला तो वास आहे, नाकारत नाही. पण पाण्यात पाय सोडून बसणारा योगी मी कुठे पाहिलेला नाही.

दूरस्थ

काल मावशीशी बोलले. दादाने तिला धागा पूर्ण वाचून दाखवला होता. फळा_खडूंची ओळीमागून ओळीची रंगांची गोष्ट तिला फार आवडली, परत वाचायला लावली म्हणे.

मी तिला सरळ विचारलं, मावशी, झाड ऐल की पैल? ती म्हणाली, "पाय पाण्यात आहेत ना त्याचे?" मी म्हटलं, हो. त्यावर ती पुढे काही बोलली नाही. मग म्हणाली, म्हण आता.

मी म्हटली. चाल लावली नाही. 'पायवाट'पाशी थांबले आणि 'पांढरी' सावकाश उचललं. सहाव्या ओळीला जीभ अजूनही गावाकडे वळते. 'चिमण्या' ओठावर आला होता. तो गिळला आणि 'काळ्या डोहाकडे' म्हटलं. शेवटच्या दोन ओळी तिने तिकडून आणि मी इकडून एकत्र म्हटल्या. फोनवर आवाज पोचायला उशीर होतो, त्यामुळे माझं 'औदुंबर' संपल्यावर तिचं ऐकू आलं.

रानवाटा

दूरस्थ, झाड काठावरच असतं, हे मी अजूनही म्हणेन. आणि मावशींना सांगा, पैल काठावर. गावातून आलेली वाट पाणी ओलांडून कशी जाईल?

सायली_परदेशी

मुलीला गवताचं सांगितलं. ती म्हणाली, झाड ऐल आहे, कारण आपल्याला त्याचे पाय दिसतात.